पाच म्हणजे नेमके किती?

प्रतिक्रिया: “‘एका वेळी एकच अ‍ॅक्टिव्ह’ हा नियम आणलात कुठून? मुरुमांवर डॉक्टर तर अ‍ॅडापलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड एकाच जेलमध्ये देतात. मी पाच वापरते: सॅलिसिलिक फेसवॉश, सकाळी व्हिटॅमिन सी आणि नायसिनमाइड, रात्री ग्लायकोलिक टोनर आणि त्यावर अ‍ॅडापलीन. महिनाभरापूर्वी सगळं एकदम आणलं. गाल थोडे झोंबतात, पण ते काम करतंय म्हणून. उगाच घाबरवू नका.”

ताई, जेलचा मुद्दा मान्य. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे त्वचेवर ठरावीक काम करणारा घटक; त्याबद्दल आधी लिहिताना ‘एकच’ हा शब्द मी ढिला वापरला. एकेक करून *सुरू* करा, असं म्हणायला हवं होतं. शिवाय त्या जेलमधलं प्रमाण ठरलेलं असतं आणि देणारा डॉक्टर तुमची त्वचा बघत असतो.

आता तुमचे पाच मोजू. नायसिनमाइड मी धरतच नाही, ते सहसा त्रास देत नाही. फेसवॉश मिनिटभरात धुऊन जातो, तो अर्धा धरा. व्हिटॅमिन सी सकाळी एकटंच आहे. एल-अ‍ॅस्कॉर्बिक असेल तर आम्लधर्मी असतं, म्हणून आधीच चिडलेल्या गालांवर तेही चुरचुरेल. खरी गर्दी रात्री आहे. ग्लायकोलिक वरच्या मृत पेशी सुट्या करतं, अ‍ॅडापलीन पेशींची उलाढाल वाढवतं, म्हणजे दोघांचा भार त्याच थरावर येतो. बाटल्या मोजून हे कळत नाही. कोणत्या रात्री चेहऱ्यावर काय राहतं, ते मोजावं लागतं.

झोंबण्याबद्दल मात्र तुमचं पटत नाही. अ‍ॅडापलीनच्या पहिल्या काही आठवड्यांत कोरडेपणा येतो, थोडी सालं निघतात, हे अपेक्षित आहे. पण साधं मॉइश्चरायझर लावल्यावरही चुरचुरत असेल, तर त्वचेचं वरचं कवच दुखावलंय. आपल्या सावळ्या त्वचेत अशा जळजळीमागून काळे डाग येतात. मी एकाच आठवड्यात अ‍ॅडापलीनच्याच कुळातलं रेटिनॉल आणि ग्लायकोलिक सुरू केलं होतं. तोंडाभोवतीचे डाग जायला पाच महिने लागले, आणि दोघांपैकी कोणामुळे झालं ते अजून कळलेलं नाही.

तुमच्या जागी मी असते तर असं केलं असतं. फेसवॉश साधा. रात्री फक्त मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. चुरचुर पूर्ण थांबेपर्यंत बाकी सगळं बंद. मग एकटं अ‍ॅडापलीन, आठवड्यातून दोन रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. दोन आठवडे ठीक गेले तर एक रात्र वाढवायची. मुरुमांवर फरक दिसायला बारा आठवडे लागू शकतात, म्हणून मध्येच नवी बाटली नको. व्हिटॅमिन सी महिन्याभराने सकाळी परत आणा. ग्लायकोलिक सगळ्यात शेवटी, अ‍ॅडापलीन नसलेल्या एखाद्या रात्री. तोवर त्याची गरजच वाटणार नाही, असा माझा अंदाज.

अ‍ॅडापलीन डॉक्टरांनी दिलं असेल तर थांबवण्याआधी त्यांना विचारा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर ते लावूच नका.