पंधरा दिवसांच्या सावलीबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

टिश्यूकल्चर केळीच्या हार्डनिंगवर, म्हणजे लॅबमध्ये वाढलेल्या रोपाला हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावण्यावर, मी एक लेख लिहिला होता. त्यावर एका शेतकऱ्याची ही प्रतिक्रिया आली:

«साहेब, तुमच्यासारखे लोक लॅबमध्ये एसीत बसून शेतकऱ्याला शहाणपण शिकवतात. हार्डनिंग म्हणजे पंधरा दिवस सावलीत ठेवणं, बाकी सारा रोपं महाग विकायचा बहाणा. मी मार्चमध्ये ट्रेमधली पाचशे रोपं स्वस्तात आणली, आंब्याखाली ठेवून लावली, दोनशे जळाली. रोपातच खोट. कंद कसा निवडतात, किती फेऱ्या करतात, कोणी सांगत नाही. लेखात एकदा एक महिना, एकदा अडीच महिने, खरं कोणतं?»

भाऊ, तुमची दोनशे रोपं गेली याचं वाईट वाटलं. पण पहिलंच वाक्य असं लिहायची गरज नव्हती. माझा जन्म अकोट तालुक्यातला. वडिलांच्या बागेत कंद खणूनच माझे हात केळीला लागले आणि पुढे नऊ वर्षं मी हार्डनिंगच्या शेडमध्ये काढली. त्या शेडमध्ये एसी नसतो, अंगाला चिकटणारा दमटपणा असतो.

महिन्यांचा घोळ मात्र माझा. एक महिना लिहिलं ते फक्त पहिल्या हार्डनिंगचं होतं आणि तेही कमीत कमी. पहिलं चार ते सहा आठवडे, दुसरं पाच ते सहा, असे मिळून अडीच महिने. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता तुमच्या पंधरा दिवसांबद्दल. लॅबमध्ये रोप बंद बाटलीत वाढतं. तिथल्या हवेत ओलावा जवळपास पूर्ण असतो, आणि मुळाखालच्या पोषक माध्यमात लिटरमागे ३० ग्रॅम साखर असते. रोपाला तिथे पाणी जपावं लागत नाही आणि उन्हावर फारसं अन्नही करावं लागत नाही. त्यामुळे पानावर मेणाचा थर नीट चढत नाही, आणि पानाची रंध्रं गरज पडली तरी मिटत नाहीत. बाटलीतल्या रोपाचं एक पान तोडून टेबलावर ठेवा, चहा होईस्तोवर ते मान टाकतं. पिशवीत तयार झालेल्या रोपाचं पान शेजारी ठेवा, ते बराच वेळ ताठ राहतं. हे मी शेडवर आलेल्या कितीतरी शेतकऱ्यांना करून दाखवलं आहे.

बाटलीतलं पान नंतर कितीही जपा, ते पक्कं होत नाही. रोपाला बाहेरच्या हवेत नवी पानं काढावी लागतात. मुळांचंही तेच. माध्यमातल्या मुळांना पाणी ओढणारे बारीक केस फारसे नसतात, कामाची मुळं कोकोपीटमध्ये गेल्यावर फुटतात. वेळ जातो तो यात, भाव वाढवण्यात नाही.

म्हणून बाटलीतून काढलेलं रोप आधी मुळाशी चिकटलेलं माध्यम धुऊन काढायचं, कारण त्या साखरेवर बुरशी धरते. मग बुरशीनाशकात बुडवून ट्रेमध्ये लावायचं आणि वर प्लास्टिकचा बोगदा करायचा. आत ऐंशी-नव्वद टक्के आर्द्रता असते. बोगदा एकदम उघडत नाहीत, आधी सकाळी थोडा वेळ, मग रोज जरा जास्त. त्यानंतर रोप माती, रेती आणि शेणखताच्या पिशवीत जातं आणि पन्नास टक्के शेडनेटखाली राहतं.

तुमची रोपं ट्रेमधली होती, म्हणजे फक्त पहिला टप्पा झालेली. आंब्याने त्यांना ऊन लागू दिलं नाही, पण मार्चमधल्या आपल्याकडच्या कोरड्या वाऱ्याला आंबा काय करणार? सावलीने प्रकाश कमी होतो, हवेतला ओलावा वाढत नाही. मग लागवड, म्हणजे उघडं ऊन आणि पुढे एप्रिल. पानं आधी कडेने करपली असतील आणि पोंगा शेवटी वाळला असेल. कुजीच्या रोगाने गेली असती तर बुंधा मऊ पडून कुजका वास आला असता. तसं दिसलं का, ते तुम्ही लिहिलंच नाही आणि निकाल मात्र देऊन मोकळे झालात.

२०११ साली मीही हेच केलं होतं, म्हणून इतकं बोलतोय. रोपवाटिकेने ट्रेमधली तीनशे रोपं 'तयार आहेत' म्हणून दिली आणि मी फेब्रुवारीत सरळ वावरात लावली. सव्वाशे गेली. उरलेल्यांची बाग इतकी मागेपुढे झाली की एका तारखेला कापणी जमलीच नाही. तेव्हा माझ्याही तोंडी 'खोट' हाच शब्द होता.

कंद आणि फेऱ्यांचं सारं मूळ लेखात आहे: विषाणू तपासलेल्या मातृझाडाचा तलवारीसारख्या पानांचा मुनवा, आणि लॅबमध्ये कोंबापासून कोंब वाढवण्याच्या आठाच्या वर फेऱ्या नकोत. वाचून मग लिहा.

पुढच्या खेपेला फुटभर उंचीचं, बाहेर आल्यावर फुटलेली पाच-सहा पानं असलेलं रोप मागा. कोवळ्या पानांवर तांबडे-जांभळे डाग दिसले तर घाबरू नका, टिश्यूकल्चरच्या रोपावर ते असतात आणि पुढे जातात. एक पिशवी तिथेच फाडून बघा. पांढऱ्या मुळांनी मातीचा गोळा धरून ठेवला असेल तर घ्या, माती सुटून हातात आली तर ती गाडी परत करा.