एक सेमीकोलन राहिला म्हणून कोणी शून्य देत नाही

"पेपरवर प्रोग्राम लिहिताना एक सेमीकोलन राहिला तरी शून्य, कारण प्रोग्राम चालणारच नाही. पूर्ण येत नसेल तर लिहूच नका. आणि इंडेंटेशन कम्प्युटरवर बघायचं, कागदावर कोण बघतं."

असा सल्ला कोणी दिला असेल तर पहिलं म्हणजे पेपर कम्पायलर तपासत नाही, माणूस तपासतो, आणि त्याच्याकडे बहुतेक वेळा मार्कांची विभागणी असते: इनपुट, लूप, कंडिशन, आउटपुट असे तुकडे. सेमीकोलन राहिला तर फार तर अर्धा मार्क जाईल, बऱ्याच ठिकाणी तोही नाही.

आता अर्धवट प्रोग्रामचं बघू. प्रश्न समजा असा आहे की ॲरेमधला दुसरा सगळ्यात मोठा मार्क शोधा, आणि लूपच्या आत तुम्ही हे लिहिलंत (`m1` आणि `m2` सुरुवातीला -1):

```c
if (a[i] > m1) {
    m1 = a[i];
    m2 = m1;
}
else if (a[i] > m2)
    m2 = a[i];
```

हे चुकलंय, पण ॲरे वाचला, लूप नीट फिरवला, दोन व्हेरिएबल लागतात हे कळलं, शेवटी प्रिंट केलं, एवढ्याचे मार्क कुठे जात नाहीत, चूक फक्त दोन ओळींच्या क्रमात आहे. आणि ती सापडायला कम्प्युटरही लागत नाही, मागच्या पानावर 7, 9, 4, 8 घेऊन ड्राय रन करा: 7 ला दोन्ही 7, 9 ला दोन्ही 9, मग 4 आणि 8 ला काहीच बदलत नाही, म्हणजे उत्तर 9 येतंय, यायला हवं 8. पहिल्याच आकड्याला दोन्ही सारखे झाले की समजायचं जुना `m1` आधीच पुसला गेला. `m2 = m1;` वर घ्या, झालं. (दोन ओळींमध्ये एक ओळ मोकळी सोडायची सवय असेल तर इथे बाण काढत बसावं लागत नाही.)

अगदीच अडलात तर त्या जागी कॉमेंटमध्ये पायरी लिहा, "जुना मोठा आकडा आधी `m2` मध्ये ठेवायचा" अशी. नुसता प्रश्नच फिरवून लिहिला तर मात्र काही मिळत नाही. आणि दोन व्हर्जन लिहून दोन्ही तशीच ठेवू नका, एकावर सरळ रेघ मारा, नाहीतर कुठलं तपासायचं हे समोरच्याने ठरवायचं का?

राहिलं इंडेंटेशन. सी मध्ये ब्रॅकेट तरी असतात, पायथनमध्ये डावीकडची मोकळी जागा हाच अर्थ असतो, `return` लूपच्या आत पडला तर पहिल्याच फेरीत फंक्शन संपतं, आणि हाताने लिहिताना अर्धा सेंटिमीटर सरकला की तपासणाऱ्याला कळतच नाही तो आत आहे की बाहेर. सगळ्यात जास्त घोळ पान उलटताना होतो, नव्या पानावर लोक परत समासापासून सुरू करतात आणि लूपमधली ओळ बाहेर येते. पेन्सिलने फिकट उभ्या रेघा मारून घ्या, प्रत्येक लेव्हलला एक, आणि नव्या पानावरही त्याच जागी. जमलं तर फंक्शन एका पानावरच संपवा, खाली चार ओळी कोऱ्या राहिल्या तरी चालतंय.

हां, फक्त आउटपुट विचारलेला एका मार्काचा प्रश्न असेल तर तिथे अर्धवटाला काही मिळत नाही, तेवढं खरं.