‘किरकोळ बदल’ कसे लिहावेत

साहेबांचा मेसेज येतो: “सादरीकरणाचा आधीचा डेक आणि हा नवा, नेमकं काय काय बदललं तेवढं सांग.” घाबरू नका. दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडा, खालच्या बाणाची कळ दोन-चार वेळा दाबा आणि उत्तर पाठवा: “किरकोळ बदल आहेत, बाकी तेच.” काम झालं.

तरीही कोणी यादीच मागितली, तर पाचव्या स्लाइडशी पाचवी, सहावीशी सहावी अशी तुलना करा. जुन्या डेकात २२ स्लाइड होत्या, नव्यात २३ आहेत आणि जादाची स्लाइड चौथीनंतर घुसवलेली आहे. म्हणजे पाचवीपासून पुढे सगळंच ‘बदललेलं’ निघेल. यादी भरगच्च दिसते, मेहनत डोळ्यांत भरते. चुकूनही आधी दोन्ही डेकांची शीर्षकं दोन रकान्यांत उतरवून कुणाची जोडी कुणाशी ते ठरवू नका. तसं केलंत तर पाच मिनिटांत कळेल की एक स्लाइड नवी आहे, बाकीच्या नुसत्या एकेक घर पुढे सरकल्यात आणि शब्द फक्त तीन ठिकाणी बदललेत. तीन ओळींची यादी पाठवायला लाज नाही वाटणार?

पॉवरपॉइंटमध्ये Review खाली Compare नावाचं बटण आहे. जुनी फाइल उघडून त्यातून नवी निवडली की ते फरक दाखवतं. तेवढ्यावर विसंबा. चौकट जराशी उजवीकडे सरकली हाही त्याच्या लेखी बदल आणि तारीख उडाली हाही बदल. कुठला महत्त्वाचा ते बटण सांगत नाही, मग आपण तरी का सांगावं? त्यानं दाखवलेलं जसंच्या तसं उतरवा. लोगो सरकला हे सर्वात वर राहू द्या.

आता ती तीन ठिकाणं. आठव्या स्लाइडचं शीर्षक आधी होतं, “काम जूनमध्ये पूर्ण होईल.” नव्या डेकात ती नववी झाली आणि म्हणते, “जूनपासून काम पूर्णत्वाकडे जाईल.” दोन्हींत जून आहे, काम आहे, पूर्णही आहे. यादीत लिहा: “वाक्यरचना सुधारली.” आधीचं आश्वासन होतं आणि आताचं नुसती दिशा दाखवतं, असल्या व्याकरणाच्या भानगडीत आपण कशाला पडायचं?

पुढच्या स्लाइडवर स्तंभालेख आहे. ग्राहक-समाधानाचे आकडे दोन्ही डेकांत तेच: ८२, ८४, ८६. म्हणून नोंदवा: “आकडे बदललेले नाहीत.” शब्दशः खरं आहे. उभा अक्ष आधी शून्यापासून सुरू व्हायचा, आता ८० पासून होतो, त्यामुळे शेवटचा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो. आकडे तेच राहिले आणि चित्र मात्र बोंबलायला लागलं. पण तुम्हाला मजकूर तपासायला सांगितला होता, अक्ष कुठे सांगितला होता? तीच गोष्ट खालच्या बारीक टिपेची. “१४ ग्राहकांच्या उत्तरांवर आधारित” ही ओळ स्लाइडवरून उठून वक्त्याच्या नोंदींत जाऊन बसली. नोंदी पडद्यावर दिसत नाहीत, म्हणून त्या उघडायच्याच नाहीत. लपवलेल्या स्लाइडही तशाच, झाकली मूठ!

शेवटच्या स्लाइडवर आधी “मंजुरी हवी” होतं, आता “चर्चेसाठी” आहे. दोन शब्दांच्या जागी एकच आला. “मजकूर आटोपशीर केला” असं लिहून पुढे चला.

काही अतिउत्साही मंडळी प्रत्येक बदलासमोर आधी काय होतं, आता काय आहे आणि ऐकणाऱ्याचा समज कसा बदलेल असे तीन रकाने आखतात. त्यातला तिसरा तर अगदी उपद्रवी. त्यात “जूनची हमी गेली”, “वाढ मोठी भासते आणि नमुना लहान असल्याचं कळत नाही”, “आपण निर्णय मागणं सोडलं” अशा तीन ओळी येतात, आणि मग हे कोणी बदललं, कोणाला विचारून, असे प्रश्न उगवतात. (मी एकदा तो रकाना भरला होता. दुपारच्या दोन बैठका त्यातच गेल्या.)

त्यापेक्षा तुमची यादी अशी जाऊ द्या: लोगो उजवीकडे, एक स्लाइड वाढली, वाक्यरचना सुधारली, मजकूर आटोपशीर. सादरीकरणाच्या दिवशी समोरून कोणी विचारलंच, “मागच्या वेळी इथे जूनमध्ये पूर्ण होणार म्हणाला होतात ना?” तर साहेब तुमच्याकडे वळून बघतील. तुम्ही शांतपणे सांगा, “हो, पण लोगो मी नोंदवला होता.”