खत न करता खताची सूट कशी पिकवावी

पुणे महापालिका गांडूळ खत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प चालू ठेवणाऱ्या मिळकतीला करात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक चालू ठेवणाऱ्या मिळकतीला १० टक्के सवलत देते. पुण्याहून आलेल्या मावसभावाने ही गोष्ट दिवाळीच्या फराळाबरोबर सांगितल्यापासून इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरातल्या मराठी मंडळींना स्वस्थता नाही. अशी सूट उद्या इंदूरच्या संपत्ती कराच्या बिलावर उतरली, तर ऐन वेळी धावपळ नको, म्हणून सुज्ञ वाचकांसाठी हे पूर्वतयारीचे मार्गदर्शन. कचरा सहा प्रकारांत वेगळा करून देणाऱ्या नगराने सूट घेण्याच्या शास्त्रात मागे राहावे, हे बरे दिसणार नाही.

आधी हिशोब करावा. आपला वार्षिक कर ४,००० रुपये आहे असे समजा. ५ टक्क्यांची सूट म्हणजे २०० रुपये. खताचा बरा डबा हजार-दीड हजाराला पडतो, शिवाय कोकोपीट किंवा भुसा वेगळा. म्हणजे खरोखर खत करून ही सूट मिळवणाऱ्याचा पहिला रुपया सुटायला सहा-सात वर्षे जातील, आणि एवढा वेळ प्रामाणिक राहणे कोणत्याही करदात्याकडून अपेक्षित नसते. हाच हिशोब नगर निगमाच्या बाजूने केला तर अधिक धीर येतो. तपासनीसाला दिवसाला ६०० रुपये पडतात आणि तो १२ घरे पाहतो असे धरले, तर एका घराच्या एका भेटीचा खर्च ५० रुपये होतो. चार भेटी दिल्या की सूट जेवढी, तेवढीच तपासणी. त्यामुळे कोणतीही शहाणी स्थानिक संस्था वर्षातून एकदाच येईल, तीही आधी कळवून, आणि आपली सारी भिस्त याच एका भेटीवर ठेवावी.

अर्जाला काय लागेल ते पाहा: स्वतःचे घोषणापत्र, डबा घेतल्याची पावती आणि डब्याचे छायाचित्र. या तिन्हींत कचरा कुठेच नाही, ही गोष्ट आपण कृतज्ञतेने लक्षात ठेवावी. छायाचित्रावर अक्षांश-रेखांश उमटवणारे ॲप वापरायला सांगितले, तरी घाबरू नये. ते ॲप डबा कुठे आहे हे सांगते, कोणाचा आहे हे सांगत नाही. एका इमारतीतल्या सहा घरांना एक डबा पुरतो. तो सकाळी तळमजल्यावरच्या गॅलरीत, दुपारी दुसऱ्या मजल्यावर आणि संध्याकाळी गच्चीच्या जिन्यात उभा करावा. झाकणावर रंगाचा डाग किंवा कडेला चीर असेल तर मात्र असा डबा फिरवू नये, कारण सहाही छायाचित्रांत डबा तोच डाग, तीच चीर सांभाळत उभा राहतो आणि संगणकावर ती छायाचित्रे एकापुढे एक येतात. एका ओळखीच्या इमारतीत, ती कोणती हे विचारू नये, झाकणाचा डाग पुसला होता, पण आत वरच्या थरावर एक आंब्याची कोय राहिली होती. सहा घरांनी एकाच आठवड्यात, एकाच कोनात, एकच कोय टाकलेली दिसली. आंबा हापूस होता, एवढाच काय तो त्यातला मराठी बाणा.

आता डबा भरण्याचे कौशल्य. आळशी माणूस रोपवाटिकेतून दोन पिशव्या तयार खत आणतो आणि डब्यात ओततो. हे करू नये, किंवा केले तर तपासणीला आलेल्या दरोगासाहेबांनी झाकण उघडण्याआधी चहा पुढे करावा. विकतचे खत चाळलेले असते. वरून खालपर्यंत एकाच रंगाचे आणि एकाच वयाचे. चालत्या डब्यात मात्र वयाचे थर असतात. वर आजची भेंडीची देठे आणि चहाचा चोथा ओळखू येतो. वीतभर खाली कांद्याच्या साली तपकिरी, लिबलिबीत झालेल्या असतात आणि त्यांवर पांढरी बुरशी जाळ्यासारखी पसरलेली असते. तळाशी काळसर, भुरभुरीत माल असतो, ज्याला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. तरीही तिथे अंड्याचे कवच आणि कोयीचे लाकूड तसेच्या तसे सापडते, कारण ते कुजायला फार काळ घेतात. जाणकार तपासनीस काठी घालून तळाचा माल वर काढतो आणि मूठभर दाबून पाहतो. बोटांमधून एखाद-दुसरा थेंब यावा. पाण्याची धार लागली तर हवा कोंडली आहे, आणि मूठ उघडताच माल भुसभुशीत सुटला तर कुजणे थांबले आहे. विकतचे खत या परीक्षेत दरवेळी कोरडे पडते.

तेव्हा नक्कल हुबेहूब करायची तर वाचकांनी असे करावे: रोज घरातला ओला कचरा बारीक चिरून टाकावा, त्यावर तितकाच सुका पाला किंवा भुसा पसरावा, आठवड्यातून दोनदा ढवळावे आणि मधूनमधून आंबट ताक शिंपडावे. दोन-अडीच महिन्यांत थर इतके अस्सल दिसू लागतात की खऱ्यापासून ओळखता येत नाहीत. या पद्धतीत एक दोष आहे, पण तो मी पुढे सांगतो.

दुसरी भेट झाली तर काय, असे भित्रे वाचक विचारतील. चार माणसांच्या घरात रोज साधारण किलोभर ओला कचरा निघतो, म्हणजे महिन्याला ३० किलो. त्यातला तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो आणि उरलेल्यातलाही बराचसा सूक्ष्मजीव खाऊन हवेत सोडतात, त्यामुळे खतात राहिलेली ओल धरूनही हाती येते ते सहा-सात किलो. चालता डबा याच कारणाने सतत वर भरतो आणि खाली बसतो. तपासनीसाने पहिल्या भेटीत आतल्या बाजूला पातळीची खूण करून, तीन आठवड्यांनी न कळवता येऊन पुन्हा पाहिले, तर चालत्या डब्यात आधीचा वरचा थर गाडला गेलेला असतो, आणि दाखवण्यापुरत्या डब्यात ती कोय खुणेच्या रेषेवर तशीच पहुडलेली असते. एक खडूची रेघ आणि एक न कळवलेली भेट, एवढ्याने सारे उघडे पडते. ही युक्ती फार स्वस्त आहे, म्हणूनच ती कोणाला सुचणार नाही अशी आशा करू या.

त्याहून मोठा धोका दारात रोज सकाळी गाणे वाजवत येतो. कचरागाडीवरचा मदतनीस आपल्या घराला जितका ओळखतो, तितका आपला व्याहीही ओळखत नाही. घरी खत करणाऱ्या माणसाच्या ओल्या बादलीत फार तर उरलेली रस्सेदार भाजी किंवा हाडे यावीत. रोज भरलेली बादली आली तर तो डबा नुसता शोभेचा. कोणत्याही स्थानिक संस्थेने सगळी छायाचित्रे बाजूला ठेवून, गाडीवाल्याला आठवड्यातून एकदा एवढेच विचारले की ‘या घरातून ओले येते का?’, तर तपासणीचा खर्च शून्यावर येईल. सुदैवाने त्याला विचारण्याची पद्धत कार्यालयांत नसते, कारण त्याच्याकडे शिक्का नसतो. तरीही सावधगिरी म्हणून आपली ओली बादली शेजाऱ्यांच्या बादलीत रिकामी करावी. शेजारी सूट घेणारे असतील तर त्यांचीही हीच योजना असेल, हे गृहीत धरून पहाटे लवकर उठावे.

इथे एखादा चिकित्सक म्हणेल की आपला ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पाला जातो, तो २०२२ मध्ये रोज ५५० टन क्षमतेने सुरू झाला, आणि सुका कचरा न्यायला गाडी दारात येणारच आहे. मग घरी खत केल्याने निगमाचे वाचते काय? प्रश्न बरोबर आहे. वाचते ते वजन आणि डिझेलचा थोडा भाग, फेरी नव्हे. म्हणून सूट ५ टक्क्यांच्या पलीकडे जाण्याचे कारण मला दिसत नाही, आणि हे मी तुमच्या-माझ्यात ठेवतो, कारण आपल्याला मागणी १० टक्क्यांची करायची आहे.

प्रामाणिक लोकांची काळजी करण्याचे कारण नाही. नियम त्यांच्याकडे पुरेसे लक्ष देतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती खताला चालना देण्याचे काम स्थानिक संस्थांकडे सोपवताना दुर्गंधीवर नियंत्रणाची अट घातली होती. खरा डबा पावसाळ्यात कधीतरी आंबूस वास सोडतोच, ओल जास्त झाली की त्यात अळ्याही वळवळतात, आणि त्या माशीच्या निरुपद्रवी अळ्या आहेत हे झाकण उघडून मागे सरलेल्या साहेबांना पटवणे अवघड असते. कोणी पुस्तक वाचून तापमापक घेऊन आलाच, तर तो ५५ अंश शोधील. ती उष्णता मोठ्या ढिगाला लाभते, २५-३० लिटरचा डबा ती धरून ठेवू शकत नाही आणि हाताला जेमतेम कोमट लागतो. त्यामुळे चालू डबा वासावर, अळ्यांवर आणि तापमानावर नापास होतो, आणि विकतच्या खताचा कोरडा, बिनवासाचा, देखणा डबा पहिल्या फटक्यात मंजूर होतो.

आता त्या राहिलेल्या दोषाविषयी. मी स्वतः सूट येण्याआधीच सरावाचा एक डबा गॅलरीत मांडला होता, रोपवाटिकेच्या दोन पिशव्यांसह, आणि त्याचे सुंदर छायाचित्रही काढून ठेवले होते. आईला वाटले डबा वापरायचा आहे. तिने चहाचा चोथा, मेथीच्या काड्या आणि देवाची फुले त्यात टाकायला सुरुवात केली. अंगणातल्या आंब्याचा पाला ती स्वतः आणून पसरते. महिनाभरात डबा चालू झाला. वर बुरशी आहे, कडेने तपकिरी पाणी झिरपते, माल निम्म्यावर बसला आहे आणि छायाचित्राशी त्याचे काही साम्य उरलेले नाही. उद्या तपासनीस आला तर हा तोच डबा आहे हे त्याला कसे पटवावे, याचा मी विचार करतो आहे. आईला थांबायला सांगून पाहिले. ती म्हणाली, “अरे, पण मग फुलं कुठं टाकू?”