मुहूर्त बारा पस्तीसचा, घाई पावणेसातपासून

पत्रिकेत ‘दुपारी 12 वाजून 35 मिनिटांनी’ असं छापलेलं असतं. पाहुण्यांच्या लेखी ती घरातून निघायची वेळ. नवरीच्या खोलीत मात्र तिथून उलटं मोजत यायचं असतं, आणि हे गणित घालायला बसलं की मी म्हणते तेच होतं: सकाळ कमी पडते आणि नातेवाईक जास्त होतात.

मोजून बघा. बारा वीसला मामा न्यायला येणार. त्याआधी अर्धा तास गौरीहर, म्हणजे अकरा पन्नास. त्याआधी फोटोवाल्याची वीस मिनिटं, म्हणजे साडेअकरा. शालू आणि दागिन्यांना पाऊण तास, केसांना पाऊण तास, मेकअपला सव्वा तास. पार्लरवाल्या ताई आठला आल्या आणि कुणी शिंकलंसुद्धा नाही, तर हे पावणेअकराला उरकतं. पण लग्नघरात शिंकतातच. म्हणून मेकअप आणि केस यांच्यामध्ये पंधरा मिनिटं, आणि शालूनंतर अर्धा तास मोकळा ठेवायचा. सगळा मोकळा वेळ शेवटी ठेवला तर ताईंना त्याचा उपयोग नाही. दाट तिथीला त्यांची दुसरी नवरी तिकडं जुळे सोलापुरात तोंड धुऊन बसलेली असते, त्या अकराला पेटी उचलणारच.

हा मोकळा वेळ कागदावर लिहायचा नाही. लिहिला की आत्या तो वाचतात आणि त्यात कुलदैवताचा एक नमस्कार बसवतात. घरच्यांच्या कागदावर शालू साडेअकराला संपतो, खरा कागद फक्त करवलीकडं.

आंघोळ पावणेसातला, पण डोक्यावरून नाही. केस आदल्या दिवशी धुवायचे. त्याच सकाळी धुतलेल्या केसांत पिना टिकत नाहीत, अंबाडा सप्तपदीपर्यंत मानेवर येतो. चेहरा पुसून क्रीम लावलं की पंधरा मिनिटं तसंच बसायचं, नाहीतर वरचा बेस धरत नाही, घसरतो. हळदीचा पिवळेपणा राहिलाच असेल तर रंग जुळवताना मान आणि कान बघायचे. फक्त चेहरा बघून रंग लावला तर फोटोत चेहरा एकीचा आणि मान दुसरीची दिसते.

मे महिन्यात कुणीतरी मायेनं कूलर आणून थेट नवरीच्या तोंडावर सोडतं. त्याच्या दमट हवेनं बेस चिकट राहतो, वळवलेल्या बटा सरळ होतात. शिवाय कूलर आणि केस वळवायचं यंत्र एकाच बोर्डावर लावलं की कार्यालयाची लाईट जाते, आणि बटन वर करणारा माणूस नेमका आचाऱ्याशी भांडत असतो. एसीची खोली मिळाली तर ती नवरीला, वरमाईला नाही. यावर वाद होतो, तो आदल्या रात्रीच उरकून घ्यावा.

खरा घात मात्र बटांचा. “ताई, माझी नुसती एवढी बट वळवून द्या की!” ही विनंती दहा मिनिटांची. मामी, काकू, चुलत बहीण आणि तिची नणंद मिळून चाळीस मिनिटं गेली, म्हणजे लपवलेला अर्धा तास संपून वर दहा मिनिटं उधारी. उपाय एकच: पार्लरच्या मदतनीस मुलीला वेगळी खोली, वेगळे पैसे, आणि बायकांची नावं वेळेसकट दाराला चिकटवायची. दारात उभी राहायला अशी मावशी नेमावी, जिला स्वतःला मेकअप करायचा नाही आणि जिला सगळे थोडे घाबरतात.

ब्लाऊज पुढून उघडणारा शिवा. डोक्यावरून घालायचा असेल तर अंबाडा आणि लिपस्टिक दोन्ही गेलं. आणि कासाराकडून हिरवा चुडा भरला की त्याच हातानं बाही चढते का, ते रात्रीच बघा. सकाळी एकेक बांगडी दाबत बाही ओढायला दोघी लागतात, आणि त्यात एखादी बांगडी पिचली की आजी गप्प होते. ते जास्त अवघड.

खाणं सव्वासातला, पोटभर. सुशीला किंवा उप्पीट चालेल. नंतर “मला भूकच नाही” म्हणणाऱ्या नवरीला जेवण थेट तीनला मिळतं, तेही जावयाच्या मित्रांनी घास भरवायचा हट्ट केला नाही तर. अकराला लिपस्टिकच्या शेवटच्या हातापूर्वी केळं आणि स्ट्रॉनं पाणी. शेंगाचटणी आपल्या गावाचा मान असली, तरी शालू नेसल्यावर खोलीत आणू नका. तिचं तेल रेशमावरून निघत नाही.

मामांचं वेगळं. बारा वीसला लागणारे मामा बारा पंधराला पार्किंगमध्ये जीप मागं घेताना सापडतात. मामा दोन ठरवावेत, आणि एकाची चप्पल करवलीनं ताब्यात घ्यावी.