तोंडाची चव गेली म्हणता, पण गेलंय नाक

गेल्या आठवड्यात सर्दीनं नाक पार चोंदलेलं असताना मित्रासोबत सावजीच्या खानावळीत गेलो. पहिल्याच घासाला तोंडात आग लागली, डोळ्यांत पाणी आलं, पण चव म्हणाल तर काहीच नाही. मी वाढणाऱ्या काकूंना म्हटलं, "मसाला टाकायला विसरल्या का?" समोर मित्र त्याच भांड्यातला रस्सा भुरके मारत संपवत होता. काकूंनी माझ्याकडे जे पाहिलं, ते लिहिण्यासारखं नाही.

चूक माझीच होती. जिभेला कळतं ते मोजकंच: गोड, आंबट, खारट, कडू आणि मटणाच्या रस्स्यातली ती भरीव चव, जिला उमामी म्हणतात. तिखट तर चवच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या वेदना आणि उष्णता ओळखणाऱ्या नसांना डिवचतं, म्हणून सर्दीतही आग लागतेच. राहिलं दगडफूल, जायपत्री, भाजलेलं खोबरं. ही सगळी नाकाची कामं.

आणि तीही समोरून हुंगून होत नाहीत. घास चावताना त्यातला वास सुटतो, घशाच्या मागच्या बाजूनं वर नाकात चढतो. घास गिळला की बहुतेक वेळा लगेच श्वास बाहेर सोडला जातो, तेव्हा तर तो जोरात जातो. नाकाच्या अगदी वरच्या भागात वास ओळखणाऱ्या पेशी असतात. सर्दीत आतलं अस्तर सुजतं आणि वास तिथवर पोचतच नाही. गंमत म्हणजे मेंदू हा वास नाकात आल्याचं सांगत नाही, तोंडातच चव लागली असं सांगतो. म्हणून आपण 'तोंडाला चव नाही' म्हणतो आणि जिभेला दोष देतो.

खात्री करायची असेल तर संत्रा बर्फी घ्या. (आपल्याकडे ती घरात नसेल तर पाहुणे येऊन गेले समजायचं.) आधी नाक चिमटीत घट्ट धरा, मग तुकडा तोंडात टाका आणि चावा. गोड लागेल, थोडं आंबट लागेल, पण संत्रं नाही. डोळे मिटले असतील तर कशाची बर्फी हेही सांगता येणार नाही. आता तोंड बंदच ठेवून नाक सोडा आणि श्वास बाहेर टाका. संत्रं एकदम येतं, आणि तेही जिभेवर आल्यासारखं! बडीशेपेवरही हे जमतं.

चव खरंच गेली का, हे घरी तपासायचं तर जिभेवर चिमूटभर मीठ, मग साखर, मग लिंबाचे दोन थेंब टाकून पाहा. तिन्ही ओळखू आले तर बहुधा अडचण नाकात आहे. सर्दी ओसरूनही वास परतला नाही, तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. जिभेला घासणी लावत बसू नका.

पाचव्या दिवशी नाक मोकळं झालं. पुन्हा त्याच खानावळीत गेलो. काकूंनी रस्सा वाढला आणि तिथंच कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आज टाकला का मसाला?"