स्पार्स टेबलची एकच ओळ पुरते

झाडातल्या दोन नोडचा एलसीए, म्हणजे दोघांचा सगळ्यात खालचा सामाईक पूर्वज, काढायचा असेल तर असा सल्ला मिळतो: «क्वेरी आधीच हातात असतील तर टार्जनचा ऑफलाइन अल्गोरिदमच लावा. युलर टूरवर स्पार्स टेबल बांधलं की मेमरी लिमिट फुटतं, टेबल भरण्यातच वेळ जातो, आणि प्रत्येक खान्यात खोली व नोड अशी जोडी ठेवावी लागते ती वेगळीच.»

आधी मेमरीचा मुद्दा, कारण तोच सगळ्यात जास्त पटतो. टूर म्हणजे डीएफएसमध्ये जाता-येता भेटणाऱ्या नोडची यादी; ५ लाख नोडच्या झाडाची ती `2n-1`, म्हणजे जवळपास १० लाख खान्यांची होते. टेबलाच्या पातळ्या २०, प्रत्येक संख्या ४ बाइटची. बेरीज ८० एमबी. हा हिशोब बरोबर आहे, पण सगळ्या पातळ्या एकाच वेळी जवळ बाळगल्या तरच. क्वेरी आधी माहीत असताना त्या बाळगायच्या कशाला?

क्वेरीतल्या दोन नोडच्या टूरमधल्या पहिल्या हजेरींमधला पट्टा `l` ते `r` असेल, तर तिला टेबलाची एकच पातळी लागते: पट्ट्याच्या लांबीत मावणारा दोनचा सगळ्यात मोठा घात `2^k`, तेवढ्या लांबीच्या खिडक्यांचं किमान जिच्यात असतं ती. त्या लांबीच्या दोन खिडक्या, एक `l` पासून सुरू होणारी आणि एक `r` ला संपणारी, मिळून पूर्ण पट्टा झाकतात. किमान काढताना मधला भाग दोनदा मोजला गेला तरी उत्तर बदलत नाही. म्हणून क्वेरी `k` नुसार आधीच वेगळ्या करून ठेवायच्या, पातळी तयार झाली की तिच्या क्वेरी उरकायच्या, आणि त्याच ॲरेवर पुढची पातळी लिहायची. खाली `a` म्हणजे सुरुवातीला टूर, `m` तिची लांबी, आणि `b[k]` मध्ये `k` पातळीच्या क्वेरी.

```cpp
for (int k = 0; (1 << k) <= m; k++) {
    for (auto [l, r, id] : b[k])
        ans[id] = min(a[l], a[r - (1 << k) + 1]);
    for (int i = 0; i + (2 << k) <= m; i++)
        a[i] = min(a[i], a[i + (1 << k)]);
}
```

आता `a` साठी ४ एमबी, आणि ५ लाख क्वेरींसाठी प्रत्येकी तीन संख्या धरल्या तर आणखी ६ एमबी. आतलं लूप मात्र डावीकडून उजवीकडेच फिरवा. उलटं फिरवलं तर `a[i + (1 << k)]` आधीच पुढच्या पातळीचं झालेलं असतं, खिडकी पट्ट्याबाहेर जाते आणि उत्तर खऱ्या पूर्वजाऐवजी त्याच्याही वरचा, मुळाकडचा नोड येऊ शकतो. उत्तरं चुकतात तेव्हा ती नेहमी वरच्याच बाजूला चुकत असतील, तर आधी हे लूप तपासा.

वेळेचं म्हणाल, तर वरच्या मापाला टेबल भरायला दोन कोटींहून कमी तुलना लागतात, आणि त्या सगळ्या ॲरेवरून सरळ पुढे जाताना होतात. टार्जनच्या पद्धतीत पायऱ्या कमी असतात हे मान्य. पण तिथे प्रत्येक क्वेरी दोन्ही टोकांच्या नोडवर टांगावी लागते, आणि डिसजॉइंट सेटमधले पालक शोधताना मेमरीत इकडेतिकडे उड्या माराव्या लागतात. क्वेरी मोजक्याच असतील तर टार्जन लावा, माझी हरकत नाही.

जोडीची गरज तर मुळीच नाही. डीएफएसमध्ये नोड ज्या क्रमाने पहिल्यांदा भेटतात, तो क्रमांक त्यांना द्या आणि टूरमध्ये तोच लिहा. दोन नोडच्या पहिल्या हजेरींच्या मधला टूरचा तुकडा त्यांच्या एलसीएच्या उपवृक्षाबाहेर जात नाही, आणि उपवृक्षात सगळ्यात लहान क्रमांक त्याच्या मुळाचाच असतो. म्हणजे किमान हेच उत्तर.

एक छोटं झाड घ्या: १ ची मुलं २ आणि ५, २ ची मुलं ३ आणि ४, ५ चं मूल ६. क्रमांक डीएफएसचेच आहेत. टूर अशी: १ २ ३ २ ४ २ १ ५ ६ ५ १. शून्यापासून मोजलं तर ४ ची पहिली हजेरी चौथ्या जागी, ६ ची आठव्या जागी. पट्टा पाच खान्यांचा, `k` दोन. पहिल्या खिडकीत ४ २ १ ५, दुसरीत २ १ ५ ६. दोन्हींचं किमान १, आणि मूळच त्यांचा एलसीए आहे.

इथे एक चूक फार काळ लपून राहते. डीएफएसच्या क्रमांकाऐवजी इनपुटमधलेच नंबर टूरमध्ये लिहिले जातात. टेस्ट बनवताना बहुतेक जण `i` चा पालक १ ते `i-1` मधून निवडतात. तशा झाडात पालकाचा नंबर मुलापेक्षा लहानच असतो, म्हणून चुकीचा कोडही बरोबर उत्तरं देतो. टेस्टमधले नंबर पिसून घ्या, चूक लगेच उघडी पडेल.

पुढची क्वेरी मागच्या उत्तरावरून बनत असेल, तर ही एका ओळीची युक्ती चालत नाही. तिथे पूर्ण टेबल ठेवावंच लागतं. टार्जनची ही पद्धतही तिथे चालत नाही.